चार्ज होतं म्हणजे केबल ठीक आहे, असं नव्हे

फोन संगणकाला जोडला की बॅटरीच्या चिन्हात विजेची खूण उमटते, टक्के वाढू लागतात, आणि तरीही संगणकाच्या पडद्यावर फोनचा मागमूस नसतो. फोटो उतरवून घ्यायचे असतात, जुन्या फोनमधली माहिती हलवायची असते, आणि काम तिथेच अडतं. अशा वेळी दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं मत असं, की चार्ज होतंय म्हणजे केबल चांगली आहे, बिघाड फोनमध्ये किंवा संगणकात असणार. दुसरं मत असं, की केबलच गेली, नवी घेऊन या. ही मतं एकमेकांच्या विरुद्ध असली तरी दोन्हींची चूक एकच आहे: तपासणी होण्याआधीच ती निकाल देऊन टाकतात. या लेखात मांडायचं आहे ते थोडक्यात असं. चार्ज होणं हा डेटाच्या वाटेबद्दलचा पुरावाच नाही. बिघाड केबलमध्ये असेल, केबलची दोन टोकं ज्या पोर्टांत बसतात त्यांपैकी एकात असेल, फोनच्या सेटिंगमध्ये असेल किंवा संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल. कधी कधी तो एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. आणि तो नेमका कुठे आहे हे एका वेळी एकच गोष्ट बदलून केलेल्या तुलनेतूनच कळतं. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. एक साधा पेन ड्राइव्ह, आणखी एखादं उपकरण, दोन-तीन केबली आणि निरीक्षणं टिपायला कागद एवढं पुरतं.

वीज एका वाटेनं, डेटा दुसऱ्या

नेहमीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात आणि काळी तार परतीची, म्हणजे ग्राउंडची. उरलेल्या दोन, हिरवी आणि पांढरी, डेटासाठी. त्यांना डी-प्लस आणि डी-मायनस म्हणतात. रंगांचा हा संकेत स्वस्त केबलींत पाळलेला असेलच असं नाही, पण कामाची वाटणी हीच. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं, २००० साली सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाचं यूएसबी २ आलं, त्यानंतर तोंडाचे आकार बदलले, वेग वाढले. तरी आजही बहुतेक फोन संगणकाशी बोलायला हीच दोन तारांची जोडी वापरतात. घरात दिवा लागतो म्हणून टेलिफोनची लाइन चालू आहे असं कुणी मानत नाही. केबलच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच मानतो, कारण दोन्ही वाटा एकाच वेष्टणातून आणि एकाच प्लगमधून जातात.

एकाच प्लगमधून जाताना या दोन वाटांना मिळणारी वागणूकही सारखी नसते, हे जवळून पाहिलं की दिसतं. संगणकाला बसणारा चपटा, आयताकृती प्लग, म्हणजे टाइप-ए, उजेडात धरा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या. त्या मधल्या दोन डेटाच्या पट्ट्यांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर लांब असतात. ही रचना जाणूनबुजून केलेली आहे, कारण प्लग आत जाताना आधी वीज जोडली जावी आणि बाहेर काढताना ती शेवटी तुटावी असा हेतू आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की प्लग तेवढा एक मिलिमीटर कमी बसला तर वीज मिळते आणि डेटा मिळत नाही. फोनच्या टाइप-सी तोंडातही वीज आणि ग्राउंड यांचे संपर्क आधी जुळतील अशीच योजना आहे. शिवाय तिथे संख्येचाही फरक आहे. या तोंडात २४ संपर्क असतात, त्यांपैकी चार विजेचे आणि चार ग्राउंडचे. एखाददुसरा मळला तरी बाकीचे काम निभावून नेतात. डी-प्लस आणि डी-मायनससाठी मात्र सी प्लगमध्ये प्रत्येकी एकच संपर्क असतो. तो एक गेला की डेटाची वाट बंद.

तिसरा फरक सहनशक्तीचा. विजेच्या तारेत थोडा रोध आला तर फोन हळू चार्ज होतो, एवढंच. टक्के वाढतच राहतात आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. डेटाचं तसं नाही. यूएसबी २ च्या पूर्ण वेगात डेटाच्या तारांवर सुमारे ०.४ व्होल्टचा संकेत असतो आणि एकेक बिट जेमतेम दोन नॅनोसेकंद टिकतो. अर्धवट तुटलेली तार किंवा ढिला संपर्क वीज पोचवू शकतो, पण असा संकेत धड पोचवू शकत नाही. पट्ट्यांची लांबी, संपर्कांची संख्या आणि संकेताचा नाजूकपणा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: बहुतेक बिघाडांत आधी डेटा जातो आणि वीज शेवटपर्यंत टिकते. म्हणून ‘चार्ज होतं पण डेटा नाही’ हे चमत्कारिक लक्षण नाही. ते अगदी अपेक्षित लक्षण आहे, आणि म्हणूनच त्यावरून बिघाडाची जागा कळत नाही.

याखेरीज डेटाच्या तारा मुळातच नसलेल्या केबली आहेत. पॉवर बँक, ट्रिमर, टॉर्च, ब्लूटूथ स्पीकर यांच्याबरोबर येणाऱ्या केबलींत त्या पुष्कळदा आढळतात. त्यांची बनावट समजून घेण्यासारखी आहे. भिंतीतला चार्जर आपली ओळख पटवण्यासाठी डेटाचे दोन संपर्क एकमेकांना जोडून ठेवतो. ते जोडलेले दिसले की फोन समजतो की समोर संगणक नाही, चार्जर आहे, आणि तो जास्त करंट ओढतो. या पद्धतीच्या २०१० च्या मानकात ही मर्यादा १.५ अँपिअरपर्यंत आहे, तर यूएसबी २ च्या साध्या पोर्टाकडून मिळणारा करंट ०.५ अँपिअर. काही चार्जिंगपुरत्या केबलींत हेच दोन संपर्क फोनकडच्या टोकाला जोडून टाकलेले असतात. अशी केबल लॅपटॉपला लावली की फोन लॅपटॉपलाच चार्जर समजतो आणि संभाषणाचा प्रयत्नही करत नाही. गंमत अशी की या केबलनं चार्जिंग कधी कधी चांगल्या डेटा केबलपेक्षा वेगानं होतं, आणि केबल उत्तम आहे हा समज आणखी पक्का होतो.

पहिला प्रश्न संगणकाला

तपासणीची सुरुवात केबली बदलण्यापासून होते, ती माझ्या मते चुकीची सुरुवात आहे. पहिला प्रश्न संगणकाला विचारायला हवा: पोर्टात काही आलं, हे तुला कळलं का? फाइलींची खिडकी उघडते की नाही हे पाहणं म्हणजे हा प्रश्न विचारणं नव्हे. ती फार नंतरची पायरी आहे. लिनक्सवर टर्मिनल उघडून पुढची आज्ञा द्यावी, ती चालू ठेवावी आणि मग केबल लावावी.

```
sudo dmesg -w
```

विंडोजवर `Device Manager` उघडून ठेवावं आणि केबल लावल्यावर यादी हलते का ते पाहावं. मॅकवर `System Information` मध्ये `USB` या नोंदीखाली पाहावं, यादी ताजी करून. उत्तर तीनच प्रकारचं असतं आणि प्रत्येक उत्तर तपासाला वेगळ्या दिशेला नेतं.

पहिलं उत्तर म्हणजे पूर्ण शांतता. केबल लावली, फोन चार्ज होऊ लागला, पण एकही ओळ उमटली नाही, यादी हलली नाही. याचा अर्थ समजायला संगणकाला उपकरणाची चाहूल कशी लागते ते माहीत हवं. फोन आपल्या बाजूनं डी-प्लस तार एका रोधातून ३.३ व्होल्टला खेचतो, आणि संगणकाचं पोर्ट त्या तारेवरचा हा व्होल्ट पाहून ‘कुणीतरी आलं’ असं ठरवतं. ५ व्होल्टच्या तारेतून करंट वाहतोय यावरून ते काहीच ठरवत नाही. म्हणून पूर्ण शांतता म्हणजे डी-प्लसचा मार्ग कुठेतरी तुटलेला आहे: केबलमध्ये ती तारच नाही, असलेली तुटली आहे, किंवा दोनपैकी एका पोर्टात संपर्क होत नाही. फोननं स्वतःच डेटाची बाजू बंद ठेवली असण्याची शक्यता थोडी उरते. आयफोनमध्ये २०१८ पासून अशी सोय आहे, की फोन तासाभराहून अधिक काळ कुलूपबंद असेल तर चार्जिंग चालू राहतं पण यूएसबीचा डेटा अडवला जातो. म्हणून फोन आधी उघडून घ्यावा आणि मगच शांततेचा अर्थ लावावा. एवढी काळजी घेतल्यावर शांतता हा तारेचा किंवा संपर्काचा दोष आहे, आणि त्या वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकणं, विंडोज नव्यानं बसवणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय ठरतो.

दुसरं उत्तर म्हणजे अडखळणं. संगणकाला चाहूल लागते, पण ओळख पटत नाही. लिनक्सवर अशा ओळी दिसतात:

```
usb 1-2: new full-speed USB device number 9 using xhci_hcd
usb 1-2: device descriptor read/64, error -71
```

विंडोजवर याच अवस्थेत `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` असं नाव येतं. डी-प्लस शाबूत आणि डी-मायनस तुटलेली असेल तर नेमकं असंच घडतं: फोन आल्याची वर्दी पोचते, पण पुढचं बोलणं दोन्ही तारांच्या जोडीवर चालतं, ते जमत नाही. अर्धवट तुटलेल्या तारा, ढिलं पोर्ट, फार लांब किंवा जोडकाम केलेली केबल यांचंही लक्षण हेच. फोनमधला किंवा पोर्टामधला इलेक्ट्रॉनिक दोषही असं दाखवू शकतो, त्यामुळे अडखळणं दिसलं की एकदा फोन आणि संगणक दोन्ही बंद करून चालू करावेत. तरीही तेच दिसलं तर केबल आणि पोर्टांच्या तपासणीकडे वळावं. मात्र एक शक्यता इथेच निकालात निघते: ही केबल मुळातली ‘फक्त चार्जिंगची’ नाही.

तिसरं उत्तर म्हणजे स्वच्छ ओळख. `new high-speed USB device` अशी ओळ येते, पुढे निर्मात्याचा क्रमांक येतो, चूक कुठे दिसत नाही, आणि तरी फोटो दिसत नाहीत. इथे केबल आणि पोर्ट दोन्ही निर्दोष आहेत, आणि दोष सेटिंगमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. अँड्रॉइड ६ पासून फोन संगणकाला जोडला की तो आपणहून फक्त चार्जिंगच्या अवस्थेत राहतो. वरची सूचनापट्टी खाली ओढून यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवावं लागतं आणि `File transfer` निवडावं लागतं. बहुतेक अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या अवस्थेतही संगणकाला ‘मी आहे’ एवढं सांगतात, फक्त फाइली दाखवत नाहीत. आयफोनवर `Trust This Computer?` या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. मॅकचा फाइंडर अँड्रॉइड फोन दाखवतच नाही. त्यासाठी वेगळं ॲप लागतं. ऑफिसच्या संगणकांवर कधी कधी फाइली नेण्या-आणण्याला प्रशासकानं बंदी घातलेली असते, आणि तिथे जगातली कोणतीही केबल उपयोगाची नाही. या तिसऱ्या गटात सापडलेला माणूस जेव्हा एकामागून एक केबली विकत आणतो तेव्हा त्याचे पैसे वाया जातातच, शिवाय हाती असलेल्या चांगल्या केबलीही त्याच्या लेखी बदनाम होतात.

पोर्ट आणि केबल: कुणाला कुणाच्या साक्षीनं तपासायचं

शांतता किंवा अडखळणं यांपैकी काही असेल तर तिघांपैकी किमान एक दोषी आहे: संगणकाचं पोर्ट, केबल किंवा फोनचं पोर्ट. इथे एक नियम कसोशीनं पाळायला हवा. ‘चाललं नाही’ या निरीक्षणाला एकट्याला अर्थ नसतो. बाकीच्या दोन गोष्टी दुसऱ्या कुठल्यातरी जोडणीत चाललेल्या असतील, तरच ‘चाललं नाही’चा ठपका तिसरीवर येतो. उलट ‘चाललं’ हे एक निरीक्षण तिघांनाही एकदम निर्दोष ठरवतं. म्हणून धोरण असं ठेवावं, की चालणारी एक जोडणी आधी शोधायची आणि तिथून एकेक घटक बदलत जायचं.

संगणकाचं पोर्ट तपासणं सर्वांत सोपं, कारण त्यासाठी केबलच लागत नाही. पेन ड्राइव्ह थेट लावता येतो. पण कोणता, हे महत्त्वाचं आहे. माउस चालतो म्हणून पोर्ट ठीक, असं पुष्कळजण म्हणतात. माउस सेकंदाला १.५ किंवा १२ मेगाबिट इतक्या मंद वेगानं बोलतो. ४८० मेगाबिटचा संकेत बिघडवणारा संपर्क माउसला चालून जातो. नवा, वेगवान यूएसबी ३ पेन ड्राइव्ह हीसुद्धा चुकीची साक्ष आहे, आणि हे कमी लोकांना ठाऊक असतं. २००८ साली आलेल्या यूएसबी ३ मध्ये जुन्या चार संपर्कांच्या मागे पाच नवे संपर्क जोडले गेले, आणि वेगवान पेन ड्राइव्ह त्या नव्या संपर्कांवरून बोलतो. जुनी डी-प्लस, डी-मायनसची जोडी तुटलेली असली तरी त्याचं काम चालू शकतं. आपल्या फोनला मात्र बहुधा तीच जुनी जोडी हवी असते. म्हणून पोर्टाची खरी परीक्षा घ्यायची तर जुना यूएसबी २ चा पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यावरून काही शे मेगाबाइटची फाइल वाचून पाहावी, आणि `high-speed` ही नोंद आली का ते बघावं. ही परीक्षा संगणकाच्या स्वतःच्या पोर्टावर घ्यावी. हब, मॉनिटर किंवा डॉकमधून नव्हे. हबवर कधी कधी काही पोर्टं केवळ चार्जिंगसाठी असतात, आणि एक्स्टेन्शन बोर्डावरची यूएसबी पोर्टं तर तशीच असतात.

फोनचं पोर्ट तपासताना टाइप-सीच्या दुहेरी रचनेचा फायदा घेता येतो. प्लग कसाही लावता यावा म्हणून फोनच्या तोंडात डेटाच्या संपर्कांच्या दोन जोड्या असतात, जिभेच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला एक, आणि त्या आतून जोडलेल्या असतात. प्लगमध्ये मात्र एकच जोडी. त्यामुळे प्लग सुलटा लावला तर तो फोनची एक जोडी वापरतो, उलटा लावला तर दुसरी. डेटा एका बाजूनं चालला आणि दुसऱ्या बाजूनं नाही, तर केबलच्या तारा निर्दोष आणि फोनच्या तोंडाची एक बाजू मळलेली किंवा झिजलेली, हे जवळजवळ सिद्ध होतं. पैसे न लागणारी इतकी नेमकी चाचणी दुसरी नाही. दोन्ही बाजूंनी चाललं नाही तर प्लग पूर्ण आत बसतोय का ते पाहावं. खिशातली कापसासारखी धूळ तोंडाच्या तळाशी दाबली जाऊन घट्ट थर होतो; प्लग बसल्याचा ‘कट’ असा स्पर्श जाणवत नाही, आणि प्लगचा धातूचा भाग नेहमीपेक्षा थोडा जास्त बाहेर दिसतो. फोन बंद करून सुक्या लाकडी टूथपिकनं कडेकडेनं हा थर उकरून काढावा. टाचणी, सुई, पाणी यांना हात लावू नये. आतली जीभ पातळ असते, आणि तिचे संपर्क वाकले की साधा मळाचा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानातला होतो.

केबल तपासायची ती या दोन पोर्टांनंतर, आणि शक्यतो तिसऱ्या उपकरणाच्या मदतीनं: दुसरा फोन, पोर्टेबल हार्ड डिस्क, कॅमेरा, ज्याचं डेटाचं काम दुसऱ्या केबलनं नक्की चालतं असं काहीही. केबल शांत राहिली तर तिच्यात डेटाच्या तारा नाहीत किंवा तुटल्या आहेत. अडखळली तर ती लावलेली ठेवून, `dmesg` चालू असताना, तार जिथे प्लगमध्ये शिरते तिथे दोन्ही टोकांना हलक्या हातानं वाकवावी. एका कोनात ओळख पटते आणि दुसऱ्या कोनात `USB disconnect` अशी ओळ येते, तर तार तिथे आतून तुटलेली आहे. ही चाचणी करताना उपकरणावर काही लिहिलं जात नाही याची खात्री करावी. फाइल उपकरणावरून संगणकाकडे येत असेल तर तुटण्यानं मूळ प्रत बिघडत नाही.

एक प्रकरण, क्रमानं

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका नमुन्यावर पाहू. समजा, टाइप-सी तोंडाचा अँड्रॉइड फोन आहे, लिनक्स लॅपटॉप आहे आणि दोन केबली आहेत: पॉवर बँकेबरोबर आलेली ‘क’ आणि फोनच्या खोक्यातली ‘ख’. क लावली, फोन चार्ज होतो, लॅपटॉपवर शांतता. त्याच पोर्टात यूएसबी २ चा पेन ड्राइव्ह लावला. ओळख पटली, फाइल वाचली गेली. लॅपटॉपचं पोर्ट सुटलं. आता ख लावली. पुन्हा चार्जिंग, पुन्हा शांतता. इथे बहुतेक लोक निष्कर्ष काढतात, की दोन केबली एकाच वेळी बिघडणं शक्य नाही, म्हणजे फोनच गेला. पण या क्षणी दोन्ही केबलींपैकी एकीचीही परीक्षा झालेली नाही, त्यामुळे फोनवर ठपका ठेवण्याचा अधिकारच नाही. म्हणून घरातला दुसरा फोन घेतला. त्यावर क शांत, ख मात्र लगेच `high-speed`. आता ख निर्दोष ठरली, त्या फोनचं तोंडही निर्दोष ठरलं, आणि म्हणूनच क दोषी ठरली. ख घेऊन पहिल्या फोनकडे परतलो आणि फोनकडचं टोक उलटं करून लावलं, ओळ उमटली. पुन्हा सुलटं केलं, शांतता. म्हणजे फोनच्या तोंडाची एक बाजू मळलेली. फोन बंद करून ती साफ केली. आता दोन्ही बाजूंनी ओळ येते. क पुन्हा लावून पाहिली, ती शांतच, म्हणजे तिच्यावरचा निकाल कायम. तरी फाइलींच्या खिडकीत फोल्डर रिकामंच दिसतं. सूचनापट्टीतून `File transfer` निवडलं आणि फोटो दिसले. या एका प्रकरणात तीन वेगळे अडथळे होते: केबलचा, पोर्टाचा आणि सेटिंगचा. यांतला एकच दूर केला असता तर फोटो दिसले नसते, आणि तो दूर करणं व्यर्थ गेलं असंच वाटलं असतं. घाईच्या तपासणीचं खरं अपयश हेच आहे: बरोबर केलेला उपायही तिथे चुकीचा ठरतो, कारण दुसरा अडथळा शिल्लक असतो.

आक्षेप

पहिला आक्षेप पैशांचा. केबल दीड-दोनशे रुपयांत मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? केबलच दोषी असेल आणि नवी केबल डेटाची असेल, तर हा आक्षेप बरोबर आहे. पण या दोन्ही गोष्टी गृहीत आहेत. नवी केबल चार्जिंगपुरतीच निघू शकते, आणि दोष फोनच्या तोंडात असेल तर ती डेटाची असूनही चालणार नाही. मग दोन न चालणाऱ्या केबली हाती येतात आणि ज्ञानात काहीच भर पडत नाही. एक खात्रीची केबल घेऊन ठेवणं शहाणपणाचंच आहे, मात्र तपासणीऐवजी नव्हे, तपासणीचं साधन म्हणून.

दुसरा आक्षेप मापनाचा. मल्टिमीटर लावून तारा जोडलेल्या आहेत का ते पाहावं, किंवा दोन्ही टोकं खोचली की दिवे लागणारे छोटे टेस्टर बोर्ड वापरावेत. एवढी तुलना कशाला? ही साधनं चांगली आहेत, आणि डेटाच्या तारा केबलमध्ये आहेत की नाहीत हे टेस्टर बोर्ड क्षणात सांगतो. सी प्लगच्या बारीक संपर्कांवर मल्टिमीटरची टोकं टेकवणं मात्र अवघड, आणि त्यात दोन संपर्क चुकून जोडले जाण्याची भीती. शिवाय दोन्ही साधनं संथ विजेनं तपासतात. तार जोडलेली आहे एवढं ती सांगतात. ४८० मेगाबिटचा संकेत तीतून धड जाईल की नाही हे सांगत नाहीत. त्यांचा नकार विश्वासार्ह आहे, होकार अर्धाच. शेवटचा शब्द प्रत्यक्ष फाइल पूर्ण उतरण्याचाच.

तिसरा आक्षेप दिसण्याचा. जाड, भारी किमतीची, जलद चार्जिंग लिहिलेली केबल डेटालाही चांगलीच असणार ना? अशा केबलची जाडी बहुधा विजेच्या तारांमुळे येते, डेटाच्या नव्हे. ऍपलची २४० वॅटपर्यंत वीज नेणारी सी केबलही डेटा यूएसबी २ च्याच वेगानं नेते. तिथे निदान डेटा आहे. पण वॅटचा आकडा वेगाबद्दल काही सांगत नाही हे त्यातून स्पष्ट होतं. तोंडाच्या आकारावरूनही काही कळत नाही. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी तोंड सक्तीचं केलं, आणि तोंडं एक होत चालली आहेत. पूर्वी वेगळं तोंड पाहून केबल वेगळी आहे हे तरी कळायचं. आता ट्रिमरची केबल फोनला सहज बसते, आणि दिसायला फोनच्या केबलसारखीच असते.

याचा अर्थ चार्जिंगपुरत्या केबली वाईट आहेत असा नाही. स्टेशनवर किंवा विमानतळावर अनोळखी यूएसबी पोर्टातून फोन चार्ज करायचा असेल, तर डेटाच्या तारा नसलेली केबलच अधिक सुरक्षित, कारण तिच्यातून फोनमध्ये काही शिरू शकत नाही आणि फोनमधलं काही बाहेर जाऊ शकत नाही. तक्रार केबलबद्दल नाही; ती तशी आहे हे लिहिलेलं नसतं याबद्दल आहे. पॉवर बँकेच्या खोक्यात केबल टाकणाऱ्या कंपनीनं तिच्या प्लगवर ‘फक्त चार्जिंग’ एवढे दोन शब्द छापले तर असंख्य लोकांची वणवण वाचेल, आणि खर्च नगण्य आहे. दुकानदारानंही केबल विकताना ती डेटाची आहे की नाही हे विचारण्याआधी सांगायला हवं. ग्राहकानं दुकानातच आपला फोन तिथल्या संगणकाला लावून दाखवा असा आग्रह धरावा.

तोवर हे काम आपल्यालाच करावं लागणार. घरातल्या सगळ्या केबली एकदा एकत्र काढा, खात्रीच्या पोर्टात आणि खात्रीच्या उपकरणाला एकेक लावून पाहा, आणि प्रत्येकीच्या टोकाला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘डेटा’ किंवा ‘चार्जिंग’ असं पेनानं लिहून ठेवा. अडखळणाऱ्या, वाकवल्यावर तुटणाऱ्या केबली ई-कचऱ्यात द्या. आणि पुढच्या वेळी फोन चार्ज होतोय पण दिसत नाही असं झालं, तर केबल उपटण्याआधी संगणकाला काही दिसलं का ते बघा.